शनीला चंद्र किती? : एका तासाचं निवेदन

(दृश्य: बाकांवर रंगीत छापील पानं. मागे बंद संगणकांची रांग.)

तास इंटरनेटवरच्या शोधाचा आहे, पण संगणक बंद आहेत. मुलांसमोर आहे शोधनिकालांच्या पहिल्या पानाची प्रिंट आणि एक पेन्सिल. बाईंनी हे मुद्दाम केलंय. पडद्यासमोर बसलं की मुलं पहिल्या निकालावर टिचकी मारून मोकळी होतात. कागदावर टिचकी मारता येत नाही, म्हणून पान वाचावं लागतं.

पहिल्या कागदावरचा शोध: ‘शनी बघायला चांगली दुर्बीण’. सूचना एकच, जाहिरातींभोवती गोल करा.

(दृश्य: पेन्सिलचं टोक, जवळून.)

पेन्सिल आधी कुठे जाते बघा. फोटो आणि किमती असलेल्या चौकटींकडे. बरोबर आहे, त्या जाहिरातीच आहेत. पण त्याखालचे दोन निकाल सुटले. त्यांचं शीर्षक इतरांसारखंच, पत्त्याची ओळही तशीच. वेगळा आहे तो वरचा बारीक शब्द, ‘प्रायोजित’. पूर्वी गूगलवर जाहिरातींच्या मागे पिवळसर रंग असायचा, तेव्हा हे सोपं होतं.

(दृश्य: एक मुलगी हात वर करते.)

हिने ‘दहा उत्तम दुर्बिणी’ या निकालाला गोल केलाय. तिथे ‘प्रायोजित’ लिहिलेलं नाही. वर्ग म्हणतो, चूक. बाई त्या पानाची प्रिंट फळ्यावर लावतात. प्रत्येक दुर्बिणीखाली खरेदीचं बटण, आणि अगदी तळाला एक ओळ: या दुव्यांवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळतं. ‘प्रायोजित’ शब्द एवढंच सांगतो, की त्या जागेसाठी शोधयंत्राला पैसे दिलेत. पानाच्या मालकाला कोण पैसे देतं, ते पान उघडून तळापर्यंत वाचल्याशिवाय कळत नाही. तिचा गोल तसाच राहतो, फक्त वेगळ्या रंगात.

आता दुसरा कागद. तासाचा खरा जीव यात आहे.

(दृश्य: फळा. ‘शनीला किती चंद्र आहेत?’ खाली चार आकडे: 62, 82, 146, 274.)

चार निकाल, चार उत्तरं. मुलं लगेच मतदान घेतात. कुणी म्हणतं, सगळ्यात वरचा निकाल खरा. कुणी म्हणतं, मधला आकडा घेऊ. बाई थांबवत नाहीत, फक्त विचारतात: हे कधी लिहिलंय?

मग आकड्यांसमोर तारखा येऊ लागतात. 82 हा ऑक्टोबर 2019 मधला, त्या वेळी 20 नवे चंद्र जाहीर झाले होते. 146 हा 2023 मधला. मार्च 2025 मध्ये आणखी 128 चंद्रांना मान्यता मिळाली आणि संख्या 274 झाली. म्हणजे यातलं कुणी खोटं बोलत नव्हतं. ज्याने ज्या दिवशी लिहिलं, त्या दिवशी ते खरं होतं.

अडचण 62 ची. त्या पानावर तारीख आहे गेल्याच आठवड्याची.

(दृश्य: दोन मुलं एकाच कागदावर वाकलेली, बोट ओळीवरून सरकतंय.)

इथे बाई तारखेवर बोट ठेवू देत नाहीत, मजकुरावर ठेवायला लावतात. पानात सगळ्यात अलीकडची घटना कोणती सांगितलीय? तिसऱ्या परिच्छेदात सापडते: ‘सध्या कॅसिनी यान शनीभोवती फिरत आहे.’ कॅसिनी 15 सप्टेंबर 2017 रोजी शनीच्या वातावरणात शिरून नष्ट झालं. म्हणजे ही ओळ त्याआधीची, वरची तारीख काहीही म्हणो. एखादा शब्द दुरुस्त केला तरी काही पानांची ‘अद्ययावत’ तारीख बदलते. तळाशी स्वामित्वहक्काचं जे वर्ष असतं, ते तर अनेकदा आपोआपच पुढे सरकतं.

‘मग जुनं पान फेकूनच द्यायचं?’ असं मागच्या बाकावरून येतं. प्रश्न चांगला आहे. शनीच्या टायटन या चंद्राचा शोध ख्रिस्तियान हायगेन्सने 1655 मध्ये लावला. एवढंच हवं असेल तर वीस वर्षांपूर्वीचं पानही चालेल. जे बदलत राहतं, त्याच्यासाठी तारीख पाहायची. आधी प्रश्न ओळखायचा, मग तारीख.

शाळेच्या प्रकल्पात 62 लिहिलं तर एक गुण जाईल. औषधाच्या मात्रेबद्दलचं जुनं पान वाचलं तर गुणावर भागणार नाही. तो पुढच्या तासाचा विषय.

(दृश्य: वह्या. उत्तरं लिहिणारे हात.)

शेवटी उत्तर लिहायचं आहे, पण नुसता आकडा लिहिला तर बाई वही परत देतात. वहीत येतं: ‘शनीचे मान्यताप्राप्त चंद्र 274, मार्च 2025 च्या घोषणेनुसार.’ आणि त्याखाली, आपण ते पान कोणत्या दिवशी पाहिलं ती तारीख.