माहीम नीट, चर्चगेट अडखळतं

नमस्कार श्रोतेहो. सुरुवातीलाच एक गोष्ट करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि 'म' लांबवून म्हणा. आवाज लगेच अडतो. आता नाक तसंच धरून 'स' लांबवून म्हणा. काही फरक पडला? पडत नाही, कारण 'स' म्हणताना हवा नाकाकडे जातच नाही. टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, तो वर उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाची वाट बंद होते. मराठीत 'म', 'न', 'ण' आणि अनुस्वार यांच्यासाठी ही वाट उघडी लागते. बाकी जवळपास सगळं बोलणं ती बंद ठेवूनच होतं.

टाळू दुभंगलेल्या बाळात हा मऊ भाग उचलणारे स्नायू मधोमध एकमेकांना जोडलेले नसतात. वर्षाच्या आसपास शस्त्रक्रिया करून टाळू शिवतात आणि बऱ्याच मुलांचं काम तेवढ्यावर भागतं. पण काहींची टाळू शिवूनही आखूड पडते किंवा पुरेशी हलत नाही. मग वाट उघडीच राहते आणि मूल गेंगाणं बोलू लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट. मूल 'गेंगाणं बोलतं' एवढ्यावर थांबलो तर उपचार ठरवता येत नाही. कोणता वर्ण कसा बिघडतो, हे ऐकावं लागतं. मुंबईच्या मुलांसाठी मी लोकलची स्टेशनं वापरते. ती त्यांना तोंडपाठ असतात, आणि या कामासाठी ती नावं फारच सोयीची आहेत.

पाच वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. टाळूची शस्त्रक्रिया वेळेवर झालेली, वरून टाके छान दिसतात, पण शाळेत तिचं बोलणं कोणाला कळत नाही. तिला 'माहीम' म्हणायला सांगितलं. स्वच्छ म्हटलं. त्यात 'म' दोन्हीकडे, तेव्हा नाक उघडं असायलाच हवं, आणि 'ह'ला तोंडात हवा दाबून धरावी लागत नाही. मग 'विरार'. त्यातला 'इ' थोडा नाकात गेला, तरी शब्द कळला. आई खूश झाली, "बघा मॅडम, येतं की तिला!" येतं, कारण 'व', 'र', 'ल', 'य' हे वर्णही दाब न मागणारे. "ओला वारा आला" हे वाक्य अशी मुलं बऱ्यापैकी म्हणतात. स्वरांमध्येसुद्धा फरक असतो. 'आ' म्हणताना तोंड उघडं असतं, आवाजाला बाहेर पडायला मोठी वाट मिळते, म्हणून तो कमी बिघडतो. 'ई' आणि 'ऊ' म्हणताना जीभ वर जाऊन तोंडातली वाट अरुंद होते, आवाज नाकाकडे वळतो, म्हणून त्यांत गेंगाणेपणा जास्त ऐकू येतो.

पुढचं स्टेशन 'दादर'. ती म्हणाली, 'नानर'. 'द' आणि 'न' म्हणताना जीभ जवळपास एकाच जागी टेकते, फरक नाकाच्या वाटेचाच. वाट उघडी राहिली की 'द'चा 'न' होतो आणि 'ब'चा 'म'. ही मुलगी 'बाबा' म्हणून हाक मारते आणि ऐकणाऱ्याला 'मामा' ऐकू येतं.

'वसई'ला 'स'च्या जागी नाकातून फुसकारा आला. 'परळ'चा 'प' अगदी दुबळा झाला. 'चर्चगेट'चं तर काहीच उरलं नाही. 'च', 'ग', 'ट' सगळे गेले, आणि त्यांच्या जागी गळ्यातून ठोके ऐकू आले, उचकी मधेच दाबावी तसे.

असं का होतं? 'प', 'ट', 'क', 'च', 'स', 'श' म्हणताना तोंडात हवा कोंडून तिचा दाब वाढवावा लागतो. हा दाब पाण्याच्या साधारण पाच-सहा सेंटीमीटर उंचीइतका असतो. पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ तेवढी बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका, तेवढाच तो दाब. फार नाही, पण मागे भोक असेल तर तोही टिकत नाही. नाकाच्या वाटेची फट साधारण 20 चौरस मिलिमीटरच्या पुढे गेली, म्हणजे पाच मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी झाली, की तोंडातला दाब लक्षात येण्याइतका घसरतो. त्यात 'स' आणि 'श' यांना दाब सलग टिकवावा लागतो, म्हणून ते लवकर उघडे पडतात. उलट फट अगदी बारीक असेल तर हवा तिच्यातून घासून जाते आणि नाकातली खरखर मोठी ऐकू येते. म्हणजे आवाज मोठा म्हणून दोष मोठा, असं समजू नका.

आता सगळ्यात उपयोगाची चाचणी. तिचं नाक मी चिमटीत धरलं आणि पुन्हा 'दादर' म्हणायला लावलं. आता 'दादर' स्पष्ट आलं! जीभ योग्य जागीच होती, हवा तेवढी पळत होती. हा दोष नुसत्या सरावाने जायचा नाही. नाकातून बारीक दुर्बीण घालून, मूल बोलत असतानाच, टाळू किती उचलते ते बघावं लागतं आणि सर्जनशी बोलावं लागतं. पण नाक धरूनही 'चर्चगेट' जसंच्या तसं, गळ्यातच राहिलं. याचा अर्थ तोंडात दाब धरता येईना, म्हणून तिने लहानपणीच हवा खाली गळ्यात अडवायची सवय लावून घेतली आहे. ही सवय दुसरी शस्त्रक्रिया केल्यानेही जात नाही. तिला थेरपीच लागते, आणि ती शस्त्रक्रियेची वाट न बघता सुरू करता येते.

तिच्याबरोबर आम्ही 'प'पासून सुरुवात केली, कारण ओठ आरशात दिसतात. नाक धरायचं, ओठ मिटायचे, आवाज न काढता तोंडातली हवा सोडायची, क्षणभर थांबायचं आणि मग 'हा' म्हणायचं. 'हा' म्हणताना गळा मोकळा राहतो आणि ठोका पडत नाही. हळूहळू मधली थांबण्याची जागा कमी केली की 'पा' जुळतो. 'च'ला पोहोचायला बरेच महिने लागतात.

आणि पालकांनो, फुगे फुगवणं, शिट्टी, मेणबत्ती विझवणं हे व्यायाम घरोघरी सांगितले जातात. फुंकताना टाळू जशी हलते तशी ती बोलताना हलत नाही. या व्यायामांनी बोलणं सुधारत नाही, आणि त्यात मुलाचे महिने जातात, याचं मला फार वाईट वाटतं. तपासणीसाठी मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाणी आणि श्रवण याच कामाची.

एक गोष्ट राहिली. काही मुलांची टाळू वरून अखंड दिसते, पण आतले स्नायू दुभंगलेले असतात. तोंडात बॅटरीचा उजेड टाकून बघा. पडजिभेला दोन टोकं दिसली, किंवा टाळूच्या मधोमध निळसर पातळ रेघ दिसली, तर शंका घ्या. अशा मुलाच्या नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी काढायचं ठरत असेल तर आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना हे सांगा. बऱ्याचदा त्या गाठींनीच फट बुजवलेली असते, आणि त्या काढल्यावर आतापर्यंत नीट बोलणारं मूल एकदम गेंगाणं बोलायला लागतं.