टक् आवाजाची वाट पाहताना

(पडद्यावर: लोहार चाळ, दुरुस्तीचं अरुंद टेबल. एक स्टीलची किटली उलटी ठेवलेली.)

ही किटली माझीच. तळाचे तीन स्क्रू काढून काका म्हणाले, "कॉइल शाबूत आहे हो. स्विचनं दगा दिलाय."

आपण दुकानात विचारतो, कॉइल उघडी आहे की झाकलेली? झाकलेलीच घ्या, यात वाद नाही. तारेचं कडं तळाच्या स्टीलच्या पत्र्याखाली असतं, पाण्याला लागत नाही, घासायलाही सोपं. पण किटली जळते ती बहुतेक वेळा ती वेळेवर बंद झाली नाही म्हणून.

(पडद्यावर: हँडलजवळची बारीक फट.)

पाणी उकळलं की वाफ या फटीतून आत जाते आणि दोन धातूंच्या पातळ चकतीपर्यंत पोचते. चकती तापते, उलट्या बाजूला वाकते आणि टक् करून स्विच पाडते. माझ्या किटलीचं झाकण नीट बसत नव्हतं. वाफ वरूनच निघून जायची आणि पाणी उकळतच राहायचं. पाणी आटलं, तर तळाला टेकलेली दुसरी चकती वीज तोडते. ती शेवटची राखण आहे, रोज कामाला लावायची नाही. माझ्याकडे रोजच लागत होती. शेवटी तिचे संपर्क चिकटले आणि तळाचं प्लास्टिक वितळलं.

म्हणून दुकानात झाकण चार वेळा उघडून-लावून बघा. पट्टीसारखी पारदर्शक खिडकी असेल, तर तिच्या कडेवर बोट फिरवा. तिथून पाणी झिरपलं की थेट खालच्या जोडणीवर जातं. आतला भाग सलग स्टीलचा असेल तर उत्तम. दुकानदार लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ नंबरचं चांगलं स्टील" म्हणाला, तर हसा. २०२ नंबरचं स्वस्त स्टीलही सहसा चिकटत नाही. खात्री हवी तर खोक्यावर ३०४ लिहिलेलं शोधा.

प्लग तीन पिनांचाच हवा. अंग धातूचं आहे, अर्थिंग तिसऱ्या पिनेतून येतं. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. चाळीतल्या जुन्या सहा अँपिअरच्या सॉकेटला तिनं घाम फोडला, तर नवल नाही. मोठं सॉकेट वापरा.

आणि कंपनी? बजाज, फिलिप्स, हॅवेल्स, प्रेस्टिज, नावं ओळखीची आहेत. तरी पैसे देण्याआधी कस्टमर केअरला मॉडेल नंबर सांगून एवढंच विचारा: खालचा बेस आणि झाकण सुटं मिळतं का, आणि मुंबईत कुठल्या सेंटरवर? उत्तर गोलगोल आलं, तर दुसरं मॉडेल बघा.

(पडद्यावर: किटलीत नवा स्विच.)

काकांनी अर्धा लिटर पाणी ओतलं, झाकण लावलं. दोन मिनिटं होऊन थोडा वेळ गेला आणि टक्. मग तेच पाणी झाकण उघडं ठेवून पुन्हा तापवलं. बुडबुडे उसळले, काका घड्याळ बघत उभे राहिले, आणि शेवटी त्यांनी हातानं बटण पाडलं.