तीन महिन्यांची सरासरी

पत्रिकेवर विषय आहे ‘छोट्या वेबसाइट घेणं, सुधारणं, विकणं’. माझा बराच वेळ घेण्यावरच जाणार, कारण मी फसलो ते तिथंच.

फाउंटन पेन दुरुस्तीवरची साइट होती. मालक म्हणाला, महिन्याचा नफा 240 डॉलर, भाव तीसपट, म्हणजे 7,200. अशा साइट साधारण मासिक नफ्याच्या वीस ते चाळीसपटीला जातात, तेव्हा मला तीसपट वावगं वाटलं नाही. घासाघीस करून 6,000 वर आणलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. चूक अशी की मी पटीवर भांडलो. भांडायला हवं होतं नफ्यावर.

240 ही ऑक्टोबर ते डिसेंबरची सरासरी. वर्षअखेरीस जाहिरातींचे दर चढतात आणि जानेवारीत बसतात, हे मला जानेवारीत कळलं. (हशा) बारा महिन्यांची बेरीज 1,560, म्हणजे महिना 130. त्यातून होस्टिंग वगैरेचे 20 गेले. शिवाय मालक महिन्याला चार तास स्वतः लिहायचा, ते काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं तर 40. त्यानं ते धरलंच नव्हतं, ‘आवड म्हणून करतो’ म्हणाला. साइट माझ्याकडे आली, आवड त्याच्याकडेच राहिली. उरले 70. त्यातही दहातले सात वाचक एकाच लेखावर, वाळलेल्या शाईनं अडलेल्या निबच्या. गूगलवर तो लेख घसरला की धंदा बसला. इतक्या जोखमीला मी चोवीसपटच देईन: 1,680.

हे आधी कळलं असतं का? कळलं असतं. मालकाच्या स्क्रीनशॉटवर न भागवता सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगलवरून साइटवर किती वाचक येतात ते दाखवणाऱ्या साधनात, फक्त बघण्यापुरता प्रवेश मागायचा. तिथं सोळा महिन्यांचे आकडे असतात, म्हणून यंदाचा मार्च गेल्या मार्चशी ताडून बघता येतो. जाहिरातींचे पैसे बँकेत खरंच जमा झाले का, तेही जुळवायचं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. तर सुधारणा: एकाच प्रश्नावरचे चार तोकडे लेख एकत्र करा आणि जुने पत्ते 301 नं, म्हणजे ‘पत्ता कायमचा बदलला’ या खुणेनं, नव्या लेखाकडे वळवा. मग थांबा. पुढचा गिऱ्हाईक बारा महिन्यांचा हिशेब मागणारच. पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यात ठेवा, डोमेन म्हणजे साइटचं नाव हातात आल्यावरच सुटू द्या. हस्तांतरानंतर डोमेन बहुधा साठ दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, तेव्हा फेरविक्रीची घाई नको.

नुसत्या डोमेनला नफाच नसतो, तिथं पट चालत नाही. तशीच नावं प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते बघा. मागितलेल्या भावाला काही अर्थ नाही. त्या नावावर पूर्वी काय चालायचं, ते वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे साइटची जुनी पानं जपणाऱ्या संग्रहात तपासा. जुगाराचं दुकान निघालं तर सोडून द्या.

माझी साइट? चौदा महिन्यांनी विकली. नफा 110 वर नेला होता, सव्वीसपट मिळाली, 2,860. घेणाऱ्या बाईंचा पहिलाच प्रश्न होता, ‘ही सरासरी कुठल्या महिन्यांची?’