दोन्ही विधाने बरोबर, मग उत्तर कोणते?

(पर्यावरण अभ्यासाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विद्यार्थी मित्रांनो, पर्यावरण अभ्यासाच्या पेपरमध्ये सर्वाधिक गुण कुठे जातात, हे उत्तरपत्रिका पाहिल्या की लगेच दिसते. अभ्यास न केलेल्याचे गुण कुठेही जातात, त्याबद्दल मी आज बोलत नाही. अभ्यास केलेल्याचे गुण मात्र एका ठरावीक जागी जातात. विधान-कारण प्रश्नात विधान बरोबर आहे, कारणही बरोबर आहे, हे त्याला कळलेले असते. तरीही ‘अ’ की ‘ब’ यात तो चुकतो. म्हणून आज बहुतेक वेळ मी याच जागेला देणार आहे.

आधी पर्यायांची रचना डोक्यात पक्की करा. नेहमीच्या मांडणीत ‘अ’ म्हणजे दोन्ही बरोबर आणि कारण हे विधानाचे योग्य स्पष्टीकरण. ‘ब’ म्हणजे दोन्ही बरोबर, पण ते स्पष्टीकरण नव्हे. ‘क’ म्हणजे विधान बरोबर, कारण चूक. ‘ड’ म्हणजे विधान चूक, कारण बरोबर. या चौकटीत विधान चूक आहे याची खात्री झाली की फक्त ‘ड’ उरतो, आणि कारण चूक आहे याची खात्री झाली की फक्त ‘क’. म्हणजे दोहोंपैकी एक चूक पक्की सापडली की प्रश्न सुटला. काही पेपरांत मात्र क्रम बदललेला असतो किंवा ‘दोन्ही चूक’ असाही पर्याय दिलेला असतो. तेव्हा हा आडाखा तसाच लागू पडत नाही. त्यामुळे सूचना दर वेळी वाचायच्या.

दुसरे असे की, विधान वाचताना कारणावर हात ठेवा. मी हे शब्दशः सांगतो आहे. दोन वाक्ये एकत्र वाचली की त्यांच्यातला ‘म्हणून’ मन आपोआप जोडून टाकते आणि मग चुकीचे वाक्यही खरे वाटू लागते. उदाहरण पाहा. विधान: पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे. कारण: ओझोन थराला छिद्र पडल्याने सूर्याची जास्त उष्णता आत येते. एका दमात वाचले तर हे पटते. कारण वेगळे काढून वाचा. ओझोन थर मुख्यतः अतिनील किरणे शोषतो, आणि तापमानवाढीचे मूळ हरितगृह वायूंच्या वाढीत आहे. म्हणजे कारण चूक, उत्तर ‘क’. हा गोंधळ होतो कारण क्लोरोफ्लुरोकार्बन ओझोनही नष्ट करतात आणि ते स्वतः हरितगृह वायूही आहेत. दोन्ही विषयांत तेच नाव येते. साध्या बहुपर्यायी प्रश्नांतले चुकीचे पर्यायही अशाच शेजारच्या गोष्टींतून उचललेले असतात. ओझोनसाठी माँट्रियल करार १९८७चा, हवामानबदलासाठी क्योटो करार १९९७चा, जलप्रदूषणाचा कायदा १९७४चा, वायुप्रदूषणाचा १९८१चा. अशा जोड्या एकत्रच पाठ करा, म्हणजे एकाच्या जागी दुसरा खपणार नाही.

‘नेहमी’ किंवा ‘कधीच नाही’ असा शब्द दिसला की विधान चूक, असे अनेकांना शिकवलेले असते. या विषयात ते धोक्याचे आहे. ऊर्जेचा पिरॅमिड नेहमी सरळच असतो, हे विधान पूर्ण बरोबर आहे. प्रत्येक पोषण पातळीवर बरीच ऊर्जा श्वसनात आणि उष्णतेच्या रूपाने निघून जाते, त्यामुळे तो उलटा होऊच शकत नाही. त्या शब्दामागची यंत्रणा तपासा.

आता मूळ मुद्दा. दोन्ही बरोबर आहेत हे ठरल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: विधानात नेमके जे सांगितले आहे, ते या कारणामुळेच घडते का?

समुद्राचे उदाहरण घेऊ. विधान: समुद्रात जैववस्तुमानाचा पिरॅमिड उलटा असू शकतो. कारण: एका पातळीवरून पुढच्या पातळीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा जाते. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही पिरॅमिडच्याच धड्यातली आहेत, म्हणून हात ‘अ’कडे जातो. पण ऊर्जा वर जाताना कमी होते, यावरून पिरॅमिड उलटा का हे कळते का? नाही, उलट तो सरळ असावा असे वाटते. खरे कारण वनस्पती प्लवकांच्या जीवनक्रमात आहे. ते झपाट्याने वाढतात आणि तितक्याच झपाट्याने खाल्ले जातात. म्हणून एका क्षणी मोजले तर त्यांचे वस्तुमान त्यांना खाणाऱ्यांपेक्षा कमी भरते. कारणाच्या जागी हे वाक्य असते तर ‘अ’. दहा टक्क्यांच्या वाक्याला ‘ब’.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे परिणामाला कारणाच्या जागी बसवणे. विधान: सांडपाणी मिसळले की नदीच्या पाण्याचा बीओडी वाढतो. कारण: अशा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. दोन्ही खरे आहे. पण बीओडी वाढतो तो सेंद्रिय पदार्थ वाढल्यामुळे. ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन वापरतात आणि मग ऑक्सिजन घटतो. बाण विधानाकडून कारणाकडे जातो आहे, म्हणून ‘ब’. तपासायचे असेल तर दोन्ही वाक्ये ‘म्हणून’ घालून उलटसुलट वाचा. जी दिशा निसर्गात घडते ती कोणती, हे लगेच जाणवते.

तिसरा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे चांगले विद्यार्थीही घसरतात. विधान: ओझोनचे छिद्र मुख्यतः अंटार्क्टिकावर आणि तिथल्या वसंत ऋतूत दिसते. कारण: क्लोरोफ्लुरोकार्बनमधून सुटलेला क्लोरीन ओझोनचे विघटन करतो. हे कारण खरे आहे आणि छिद्राशी त्याचा थेट संबंधही आहे. पण विधानाचा भर ‘तिथेच’ आणि ‘तेव्हाच’ यांवर आहे. हे वायू तर जगभर पसरलेले आहेत. अंटार्क्टिकावर हिवाळ्यात स्थितांबर इतके थंड होते की तिथे ध्रुवीय ढग तयार होतात. त्यांच्या कणांवर निष्क्रिय क्लोरीनसंयुगे सक्रिय रूपात बदलतात आणि वसंतात सूर्यप्रकाश आला की ओझोनचा नाश वेगाने सुरू होतो. ही यंत्रणा कारणात असेल तरच ‘अ’. नुसत्या क्लोरीनच्या वाक्याला ‘ब’. विधानातला जागा, काळ किंवा प्रमाण सांगणारा शब्द अधोरेखित करा आणि कारण त्या शब्दाला उत्तर देते का ते पाहा.

शेवटी उरतो तो अंदाजाचा प्रश्न. चुकीसाठी एकतृतीयांश गुण वजा होत असतील आणि चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर सरासरी हाती शून्य येते, म्हणजे तिथे वेळ घालवू नका. पण दोन्ही विधाने बरोबर आहेत याची खात्री असेल, तर फक्त ‘अ’ आणि ‘ब’ उरतात. नुसता कौल घेतला तरी सरासरी एकतृतीयांश गुण मिळतो. असा प्रश्न कोरा सोडू नका. वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी एखादा तिथे आहे का ते पाहा, नसेल तर ‘अ’ लिहा आणि पुढे जा.