दह्यातलं पाणी आणि जिलबीतला पाक

(नाशिकमध्ये घरगुती ऑर्डरी घेणाऱ्या मंडळींसमोर एका जिलबीवाल्याने केलेलं बोलणं, थोडं संपादित करून.)

मला नेहमी विचारतात, एक किलो मैद्याला दही किती? मी सांगतो, दोनशे ग्रॅम. मग पुढचा प्रश्न, पाणी किती? इथंच घोळ होतो. लोक दही वेगळं मोजतात आणि पाणी वेगळं. पण आपलं नेहमीचं घरचं दही म्हणजे बहुतेक पाणीच असतं. शंभर ग्रॅम दह्यात ८५ ग्रॅमच्या आसपास पाणी. म्हणजे दोनशे ग्रॅम दही घातलंत, की पिठात १७० ग्रॅम पाणी आधीच पडलं. ते हिशोबात धरायचं.

माझं माप असं आहे. एक किलो मैदा, दोनशे ग्रॅम दही आणि पाऊण लिटर पाणी. दह्यातलं पाणी धरलं तर एक किलो मैद्याला एकूण ९२० ग्रॅम पाणी झालं. यातलं शे-दीडशे मिली पाणी मी रात्री घालतच नाही, मागे ठेवतो. कारण पीठ आंबलं की आपोआप सैल होतं. दह्याच्या आंबटपणाने मैद्याचा चिकटपणा तुटतो. रात्री अगदी बरोबर वाटलेलं पीठ सकाळी पातळ झालेलं असतं, आणि पातळ पिठातून पाणी काढता येत नाही. त्यात कोरडा मैदा घातला तर तो न आंबलेला मैदा, त्याच्या गुठळ्या होतात आणि जिलबी कच्चट लागते. म्हणून रात्री घट्ट ठेवायचं आणि सकाळी राखून ठेवलेलं पाणी हळूहळू घालायचं. बोटांनी पीठ उचललं तर धार न तुटता खाली पडली पाहिजे, आणि पडलेली धार पिठावर क्षणभर दिसून मग विरली पाहिजे. लगेच विरली तर पीठ सैल आहे. तसं पीठ फडक्यातून सुटताच तेलात पसरतं.

आता माझीच एक चूक सांगतो. २६ जानेवारीची ऑर्डर होती, दहा किलोची. आपल्याकडे झेंडावंदन झालं की जिलबी लागतेच, आणि जानेवारीत नाशिकची रात्र कशी असते ते तुम्ही जाणता. निफाडकडून गार वारा आला की घरात ठेवलेलं पाणीसुद्धा बोटांना झोंबतं. मी तीन किलो मैदा, सहाशे ग्रॅम दही, सव्वादोन लिटर पाणी, असं सगळं एकदमच भिजवलं. दही फ्रिजमधलं, पाणी नळाचं. रात्री अकराला झाकण काढून पाहिलं तर एक बुडबुडा नाही. घाबरलो आणि आणखी अर्धा किलो दही ओतलं. मला वाटलं, विरजण वाढवलं की काम लवकर होईल.

त्या अर्ध्या किलोतून सव्वाचारशे ग्रॅम पाणी पिठात गेलं. आधीचं दह्यातलं पाचशे आणि वरचं सव्वादोन लिटर मिळून तीन किलो मैद्याला पावणेतीन किलो पाणी होतंच. ते आता तीन किलो दोनशेच्या जवळ गेलं. आंबायला लागते ती ऊब, आणि ती तर मिळालीच नव्हती. सकाळी पीठ आंबट झालं होतं, पण फुललं नव्हतं. जिलबी तेलात पसरली, चपटी झाली, मोडली तर आत नळी नाही. आणि नळी नाही तर पाक जाणार कुठे? तीन किलो मैद्यात माझी दहा किलो निघते. त्या दिवशी आठही भरली नाही.

तेव्हापासून थंडीत मी दही वाढवत नाही. दही आदल्या संध्याकाळीच बाहेर काढून ठेवतो, पाणी अंगाला सोसेल इतकं कोमट घेतो, डबा गोधडीत गुंडाळून शेगडीच्या बाजूच्या कोपऱ्यात ठेवतो, आणि वेळ अठरा ते वीस तासांचा धरतो. एप्रिलमध्ये तेच पीठ आठ-दहा तासांत येतं. तेव्हा दही शंभर ग्रॅमवर आणायचं आणि कमी झालेल्या दह्याचं पाणी वरून भरून काढायचं.

आता पाक. एक किलो तयार जिलबीला पाक किती, हे मी काट्यावर मोजलेलं आहे. एक किलो जिलबीत मैदा तीनशे ग्रॅम असतो. त्याची जिलबी तळून, निथळून, पाकात टाकण्याआधी तोलली तर साधारण चारशे ग्रॅम भरते. पाणी वाफ होऊन गेलेलं असतं आणि शे-सव्वाशे ग्रॅम तूप किंवा तेल आत आलेलं असतं. उरलेले सहाशे ग्रॅम म्हणजे पाक. पाक एकतारी असेल तर त्यातली साखर सव्वाचारशेच्या थोडी वर.

पण तेवढाच पाक केला तर शेवटचे घाणे कोरडे राहतील, कारण जिलबी बुडायला पातेल्यात खोली लागते. दहा किलोला सहा किलो पाक जिलबीत जातो, आणि तळाशी तीन किलो तरी उरला पाहिजे. म्हणून मी साडेसहा किलो साखर आणि सव्वातीन लिटर पाणी घेतो. उकळून एकतारी झाला की नऊ किलो पाक भरतो. साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून त्यात दोन-तीन लिंबं पिळायची.

तार अंगठा आणि तर्जनीमध्येच बघा. थर्मामीटर वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. इथं पाणीच ९८ अंशांवर उकळतं. मुंबईच्या माणसाने पाकासाठी १०५ सांगितले, तर आपल्याकडे १०३ ला गॅस बंद करायचा. इथं १०५ पर्यंत थांबलात तर पाक जास्त घट्ट होतो, जिलबीच्या वरच बसतो आणि गार झाल्यावर पांढरा पडतो.

जिलबी तेलातून निघालेली गरम आणि पाक बोट जेमतेम बुडवता येईल इतका कोमट, अशी जोडी जमली की अर्ध्या मिनिटात पाक आत जातो. पहिल्या घाण्यातल्या शंभर ग्रॅम कोरड्या जिलब्या तोला, पाकातून काढून निथळा, पुन्हा तोला. अडीचशेच्या आसपास भरल्या तर सगळं ठीक. दोनशेवरच अडल्या, तर आधी एक जिलबी मोडून नळी बघा. नळी पोकळ असेल तर पाक घट्ट झालाय किंवा गार झालाय, त्यात कपभर उकळतं पाणी घालून गरम करा. नळीच नसेल तर पाकाला हात लावू नका, दोष पिठात आहे.

मागच्या रांगेतल्या ताईंनी विचारलंय, उरलेल्या तीन किलो पाकाचं काय करायचं. त्यात तेल आणि चुरा आलेला असतो. गरम असतानाच फडक्यातून गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. वर आलेलं तेल चमच्याने काढून टाका. दुसऱ्या दिवशीच्या पाकात तो निम्म्याहून जास्त मिसळू नका, कारण परत परत उकळून त्याचा रंग गडद होतो आणि जिलबी तळताना करपल्यासारखी दिसते.