हा प्राणी खातो काय?

अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना सांगितले की, मी आज काल्पनिक प्राण्यांची चित्रे संगणकाकडून कशी काढून घ्यावीत हे सांगणार आहे. ते खरेच आहे, पण त्याआधी हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला ते सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. माझ्याकडे पंचेचाळीस मिनिटे आहेत असे पत्रात लिहिले होते. माझ्या आधीच्या वक्त्यांनी त्यातली काही मिनिटे उदार मनाने वापरली आहेत, म्हणून थोडे भरभर बोलतो.

दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकासाठी मला बोलावले. प्रकाशकांचे नाव सांगत नाही, कारण माणूस चांगला आहे आणि मानधनाचा दुसरा हप्ता अजून यायचा आहे. त्यांनी मोबाइलवर एक चित्र दाखवले. ते त्यांच्या भाच्याने चित्रे तयार करणाऱ्या एका एआय साधनाला चार शब्द सांगून काढून घेतले होते. सिंहाचे तोंड, रेड्याची शिंगे, घोड्याचे खूर, वटवाघळाचे पंख आणि मागे सर्पाची शेपटी असा तो ऐवज होता. ‘‘शास्त्रीय दृष्टीने हे जरा बघून द्या,’’ असे ते म्हणाले. मी चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, ‘‘हा खातो काय?’’ ते म्हणाले, ‘‘माणसे.’’ मी म्हटले, ‘‘पकडतो कशाने? पायांना तर खूर आहेत.’’ ‘‘उडत येतो ना,’’ असे उत्तर आले. तेव्हा मी पंखांकडे बोट दाखवले. पंख पाठीच्या मधोमध, बरगड्यांवर चिकटवल्यासारखे उगवले होते. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय असतो, तो खांद्याला जोडलेला असतो, आणि तो हलवणारे स्नायू छातीच्या हाडावरच्या उभ्या कंगोऱ्याला धरून असतात. या प्राण्याची छाती कुत्र्यासारखी अरुंद होती. तो पंख हलवणार कोणत्या स्नायूने? प्रकाशक थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही अजून जरा भयानक करून द्या.’’

त्या रात्री मला जॉर्ज कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाची आख्यायिका आठवली. त्यांचा एक विद्यार्थी म्हणे सैतानाचे सोंग घेऊन मध्यरात्री त्यांच्या खोलीत शिरला आणि ‘‘मी तुला खाणार’’ असे ओरडला. कुव्हिएंनी एक डोळा उघडला, शिंगे आणि खूर पाहिले, ‘‘तू तर गवत खाणारा’’ असे म्हटले आणि कूस बदलून ते झोपले. गोष्ट घडली असो वा नसो, तिच्यातला विचार कुव्हिएंचाच आहे: प्राण्याचे अवयव एकमेकांशी बांधलेले असतात. ज्याचे दात मांस कापायचे, त्याचे पाय भक्ष्य धरायचे आणि आतडे मांस पचवायचे असणार. गवत दळणाऱ्याचा जबड्याचा सांधा दातांच्या ओळीपेक्षा बराच वर असतो, त्यामुळे सगळ्या दाढा एकदम जुळतात. मांस कापणाऱ्याचा सांधा साधारण दातांच्या पातळीवर असतो, म्हणून त्याचा जबडा कात्रीसारखा मागून पुढे मिटत जातो. चित्रात नुसती जबड्याची रेघ चुकली तरी पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, मग कारण सांगता येवो वा न येवो.

इथे कोणीतरी मनात म्हणत असेल की, आपल्या भेकराचे काय? रास्त शंका आहे. आपल्या सह्याद्रीतल्या भेकराच्या नराला शिंगेही असतात आणि वरच्या जबड्यात बाहेर डोकावणारे सुळेही असतात, आणि खातो मात्र तो पाला नि फळे. ते सुळे दुसऱ्या नराशी झुंजण्यासाठी असतात. म्हणजे शिंग आणि सुळा एकत्र येऊ शकतात. फक्त त्या सुळ्याला काम काय आहे हे ठरलेले हवे. गडांच्या दरवाजांवरचा शरभ पाहा. तो पंजात, शेपटीत हत्ती पकडतो, आणि शिल्पकाराने त्याला धरायला नखे दिली आहेत. एवढा हिशेब पाथरवटाला होता, तो भाच्याच्या साधनाला नव्हता.

आता साधनाची बाजूही मांडली पाहिजे. त्याला शरीररचना येत नाही. त्याने अगणित चित्रे आणि त्यांच्याखालचे मजकूर पाहिलेले असतात, आणि शब्दाबरोबर कोणते रूप येते एवढे त्याला ठाऊक असते. ‘भयानक’ म्हटले की दात, ‘जादुई’ म्हटले की पंख. म्हणून माझे म्हणणे असे की, प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे साधनाला लिहून द्यायच्या सूचनेत, प्राणी दिसतो कसा हे सांगण्याआधी तो राहतो कुठे, खातो काय आणि चालतो कसा हे ठरवावे. हाच माझा आजचा मुद्दा, आणि अध्यक्षांनी पहिली चिठ्ठी पाठवली आहे हे मी पाहिले आहे.

मात्र यात एक खड्डा आहे आणि मी त्यात स्वतः पडलो. मी पहिल्यांदा लिहिले की, हा प्राणी सह्याद्रीच्या उभ्या कड्यावर राहतो आणि आग्या मोहोळ खातो. चित्र आले ते असे: मागे सुंदर कडा, ढग, कोपऱ्यात मधाचे पोळे, आणि पुढे सपाट दगडावर ऐटीत उभा असलेला तोच जुना सिंह. साधनाने निवासस्थान पार्श्वभूमीत टाकले आणि आहार कोपऱ्यात मांडून ठेवला, शरीर जिथल्या तिथे राहिले. तेव्हा लक्षात आले की, ‘कड्यावर राहतो’ या वाक्यातून पायाचा आकार काढणे हे आपले काम आहे. कडा ते पाय हा प्रवास आधी कागदावर करायचा आणि प्रॉम्प्टमध्ये त्याचे फळ लिहायचे.

तो प्रवास या प्राण्यापुरता करून दाखवतो. प्रकाशकांच्या नातीने त्याचे नाव कडेचाट्या ठेवले आहे, आणि यापेक्षा बरे नाव मला सुचलेले नाही. आहारापासून सुरुवात करू. आग्या मोहोळाच्या माश्या चिडल्या की काय होते हे इथल्या गिर्यारोहकांना सांगायला नको. त्यांचे पोळे खाणाऱ्याला डोळे लहान, कान आखूड, मानेची कातडी जाड आणि सैल, आणि नाकपुड्या मिटता येणाऱ्या हव्यात. यातले काहीही मी कल्पनेने काढलेले नाही. आपल्या अस्वलाच्या नाकपुड्या मिटतात, आणि त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन पुढचे दात नसल्याने त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. कडेचाट्याला मी तीच फट दिली आणि लांब जीभ दिली. सुळ्यांची गरज उरली नाही. प्रकाशकांचा चेहरा उतरला, तो मी मनावर घेतला नाही.

मग हालचाल. आता घोरपडीची गोष्ट येणार म्हणून पुढच्या रांगेतले काहीजण सरसावून बसले आहेत. ती मी सांगणार नाही, कारण इतिहासाचे अभ्यासक सभागृहात आहेत. पण घोरपडीचे शरीर जरूर पाहा. ते पोटाने दगडाला चिकटलेले असते, कोपरे आणि गुडघे बाहेर फाकलेले असतात. कड्यावर वजन जितके दगडाजवळ, तितके ते प्राण्याला मागे कमी खेचते. उंच पाय आणि फुगलेली छाती असलेला प्राणी तिथून सुटेल. वजनाचाही हिशेब आहे. प्राण्याची लांबी दुप्पट केली तर वजन आठपट होते, पण नखांची पकड आणि हाडांचा छेद चौपटच वाढतो; हाडांपुरती ही गोष्ट गॅलिलिओने १६३८ मध्येच मांडली होती. म्हणून कडेचाट्या हत्तीएवढा असूच शकत नाही. मी त्याला मोठ्या कुत्र्याएवढा ठेवला.

शेवटी उतरणे. चढणारा प्राणी सगळेच काढतात, उतरायचे मात्र कोणाला सुचत नाही. शेकरू झाडावरून डोके खाली करून उतरते, कारण ते मागच्या पावलाचा घोटा फिरवून पाऊल मागे वळवू शकते आणि नखांनी लटकते. कडेचाट्याला मी तो घोटा दिला, आणि टेकण्यासाठी सुतार पक्ष्यासारखी ताठ शेपटी दिली. या सगळ्यानंतर लिहिलेला प्रॉम्प्ट असा होता. इंग्रजीत लिहिला, कारण माझे साधन त्या भाषेत कमी गोंधळते:

```
side view, wildlife field guide illustration,
bear-like climbing mammal on bare rock wall,
low flat body pressed to rock, elbows and knees
spread wide, long forearms, hooked claws,
loose thick neck skin, slit nostrils, small eyes,
short ears, long tongue, stiff tail braced on rock
```

दुसरी चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले धावत सांगतो. वरच्या मजकुरात शेकरू नाही हे तुमच्या लक्षात आले असेल. मी आधी ते लिहिले होते, तर झुबकेदार शेपटी आणि तांबूस लोकर घेऊन अख्खे शेकरूच अवतरले. प्राण्याचे नाव घेतले की त्याचे सगळे रूप चिकटून येते, म्हणून नाव एकच घ्यावे आणि बाकी अवयवांचे वर्णन करावे. घोटा फिरवण्याचे शब्द घातले तेव्हा साधनाने पाऊल जागेवर ठेवून गुडघाच उलटा वळवला. तेव्हा ते पाऊल मी शेवटी हातानेच काढले, आणि यात मला कमीपणा वाटत नाही. ‘पंख नकोत’ असे लिहू नये, कारण ‘पंख’ हा शब्द वाचून अनेकदा पंखच येतात. नकार लिहायची वेगळी चौकट असेल तर तिथेच तो शब्द घालावा. आणि प्रॉम्प्ट आखूड ठेवावा. स्टेबल डिफ्युजन या चित्रे काढणाऱ्या साधनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या मुळात शब्दांच्या ७७ तुकड्यांपर्यंतचाच मजकूर वाचत, त्यामुळे कड्याचे काव्यमय वर्णन आधी केले की शेपटी कापली जायची.

चित्र आल्यावर तपासायचे कसे, हे मला खरे तर सविस्तर सांगायचे होते. प्रत्येक पायावर खांद्यापासून किंवा कमरेपासून बोट फिरवा आणि सांधे मोजा. मागच्या पायाला कंबर, गुडघा, घोटा या क्रमाने वळणे यायला हवीत. घोड्याच्या मागच्या पायाचा जो ‘उलटा गुडघा’ दिसतो तो त्याचा घोटा असतो. खरा गुडघा वर पोटाजवळ असतो, आणि साधन इथे नेमके एक वळण जास्तीचे घालते. मग पलीकडचा पाय कुठून निघतो ते पाहा, कारण अर्धा झाकलेला पाय पुष्कळदा पोटातून उगवलेला असतो. नखे मोजा. माझ्या चौथ्या चित्रात पुढच्या डाव्या पंज्याला पाच आणि उजव्याला सहा होती, आणि ही चूक मी नव्हे, प्रकाशकांच्या नातीने पकडली.

पुस्तक छापून आले आहे. बाहेर टेबलावर प्रती ठेवल्या आहेत. मुखपृष्ठावर कडेचाट्या डोके खाली करून कड्यावरून उतरतो आहे, आणि त्याच्या डोक्यावर, मला न विचारता, दोन छोटी शिंगे काढलेली आहेत.