रेझ्युमे कुठल्या जागेसाठी?

(दृश्य: भोसरी एमआयडीसी. पहिल्या पाळीचे कामगार गेटमधून आत जात आहेत.)

पुण्याजवळ भोसरी आणि चाकण भागात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. तिथल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये तीन वर्षं काम केलेला, डिप्लोमा मेकॅनिकल झालेला तरुण आता नवी नोकरी शोधतोय असं धरू. त्याचा रेझ्युमे आम्ही या फिल्मसाठी नमुना म्हणून तयार केला आहे. अशी पानं मात्र रोज कुणा ना कुणाच्या टेबलावर येत असतात.

(दृश्य: दोन रकान्यांचा रंगीत रेझ्युमे पडद्यावर.)

डावीकडे निळी पट्टी, तिच्यात फोटो. खाली एक्सेल, ऑटोकॅड, टीमवर्क, आणि प्रत्येकापुढे पाचपैकी चार भरलेले ठिपके. उजवीकडे सगळ्यात वर ऑब्जेक्टिव्ह: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार लावणे. त्याखाली अनुभव: पार्ट इन्स्पेक्शन, सीएनसी मशीन चालवणे, रिपोर्ट बनवणे, कस्टमर कम्प्लेंट हाताळणे.

पान दिसायला नीटनेटकं आहे. पण याला क्वालिटीत जायचंय, प्रॉडक्शन सुपरवायझर व्हायचंय की सीएनसी सेटर, याचा पत्ता लागत नाही. वाचणाऱ्यापुढे भरायची जागा एकच असते. त्या जागेचं काम या माणसाने आधी केलंय का, एवढंच तो शोधत असतो. ते चटकन सापडलं नाही, की पान बाजूला पडतं.

फोन येत नाहीत म्हटल्यावर हा तरुण टेम्प्लेट बदलतो. पट्टी हिरवी होते, फॉन्ट बदलतो, फोटो गोल होतो. चार कामांची ती ओळ मात्र जशीच्या तशी राहते. तिच्यातलं काय वाढवायचं आणि काय काढायचं, हे जागा ठरल्याशिवाय ठरवताच येत नाही.

(दृश्य: सीएनसी लेथ. बोअरिंग बार नगाच्या आत जातो.)

'कस्टमर कम्प्लेंट हाताळणे' या तीन शब्दांत दडलेलं काम बघू. ग्राहकाकडून तक्रार आली की बोअर, म्हणजे नगातलं भोक, मोठा येतोय. ड्रॉइंगवर माप २५ मिलिमीटर, वर २१ मायक्रॉनपर्यंत सूट. काही नग त्याच्याही पुढे गेलेले. आता कापणारं टोक, म्हणजे इन्सर्ट, झिजला की बोअर उलट लहान यायला लागतो. म्हणून ऑपरेटर झीज भरून काढणारा मशीनमधला आकडा, म्हणजे वेअर ऑफसेट, थोडा थोडा वाढवत जातो आणि माप सांभाळतो. त्या दिवशी नवा इन्सर्ट बसला, पण वाढवलेला ऑफसेट शून्यावर आणायचा राहून गेला. पुढचे नग मोठे निघाले, आणि तासाची तपासणी होईपर्यंत त्यातले काही चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये जाऊन बसले.

या तरुणाने ते शोधून काढलं आणि नियम घालून दिला: इन्सर्ट बदलला की ऑफसेट शून्य करायचा, पहिला नग बोअर गेजने तपासायचा, सही झाल्याशिवाय पुढचा नग लावायचा नाही.

आता हेच काम तीन जागांसाठी लिहून पाहू.

(दृश्य: पडद्यावर एकेक ओळ उमटते.)

क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी: "बोअर ओव्हरसाइझच्या तक्रारीचा ८डी रिपोर्ट तयार केला. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट शून्य न करणे हे मूळ कारण शोधले. टूल बदलानंतरची पहिल्या नगाची तपासणी कंट्रोल प्लॅन आणि पीएफएमईएमध्ये घातली." ८डी म्हणजे तक्रारीच्या मुळाशी जाण्याची आठ टप्प्यांची पद्धत, कंट्रोल प्लॅन म्हणजे कुठे काय तपासायचं याचा कागद, आणि पीएफएमईए म्हणजे कामात काय काय बिघडू शकतं याची यादी.

सीएनसी सेटरच्या जागेसाठी: "२१ मायक्रॉन टॉलरन्सच्या बोअरचे सेटिंग केले. इन्सर्ट बदलणे, वेअर ऑफसेट लावणे, पहिला नग पास करून मशीन ऑपरेटरच्या हाती देणे."

प्रॉडक्शन सुपरवायझरसाठी: "टूल बदलाची नवी पद्धत पाळीतल्या सगळ्या ऑपरेटरना शिकवली. ती रोज पाळली जाते का, हे पाळी बदलताना तपासले."

तिन्ही खरं आहे. प्रसंग एकच आहे, पण पहिलं वाचताना क्वालिटी मॅनेजरला आपल्या माणसाची भाषा ऐकू येते, आणि तिसरं वाचताना प्लांट हेडला माणसं सांभाळणारा दिसतो. तिन्ही ओळी एकाच पानावर कोंबल्या, तर तिघांपैकी प्रत्येकाला त्यातला मोठा भाग बिनकामाचा वाटेल.

मग जागा ठरवायची कशी? जाहिरातींतूनच. एकाच पदाच्या दहा-पंधरा जाहिराती एकत्र काढा आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांखाली रेघ मारा. इथे एक खाचखळगा आहे. पदाचं नाव सारखं असलं तरी काम सारखं असेलच असं नाही. एका जाहिरातीतला 'क्वालिटी इंजिनिअर' दिवसभर लाइनवर मापं घेतो, दुसरीतला पुरवठादारांकडे जाऊन त्यांच्या प्रोसेसचं ऑडिट करतो, तिसरीतला आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाची कागदपत्रं सांभाळतो. औषध कंपनीतली क्वालिटी तर पूर्ण वेगळीच दुनिया. म्हणून पदाच्या नावावर थांबू नका, खाली कामाचं वर्णन कुठल्या क्रियापदांनी केलंय ते वाचा: तपासणे, ऑडिट करणे, मंजूर करून घेणे.

आपल्या तरुणाने पुरवठादारांच्या क्वालिटीची जागा निवडली असं समजू. रेघा मारलेल्या शब्दांत ८डी आहे, कंट्रोल प्लॅन आहे, ते दोन्ही त्याच्याकडे आहे. नगाची मापं घेणारं मशीन, म्हणजे सीएमएम आहे आणि पीपीएपी आहे. इथे जपून. सीएमएम त्याने फक्त दुसऱ्याला चालवताना पाहिलंय. 'सीएमएम येतं' असं लिहिलं, तर मुलाखतीत पहिलाच प्रश्न येतो: कुठलं सॉफ्टवेअर, पीसी-डीमिस की कॅलिप्सो? तिथेच गाडी अडते. तो शब्द सोडून द्यायचा.

पीपीएपीचं तसं नाही. नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याच्या या फाइलमध्ये एकूण १८ घटक असतात. ती अख्खी फाइल त्याने कधी पाठवलेली नाही, पण त्यातला मापांचा अहवाल तोच भरत होता. मग तसंच लिहावं: "तीन नव्या पार्टच्या पीपीएपीसाठी मापांचा अहवाल तयार केला." पुरवठादाराची फाइल तपासणाऱ्या माणसाला मापांचा अहवाल वाचता यायलाच लागतो. त्यामुळे ही ओळ छोटी असूनही वजनदार आहे.

(दृश्य: पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट होतो. ओळी एकमेकींत मिसळतात.)

मांडणीला अजिबात किंमत नाही असं नाही. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या पोर्टलवर पान आधी सॉफ्टवेअर वाचतं. काही सॉफ्टवेअर दोन रकान्यांचं पान सरळ आडवं वाचत जातं, आणि मग 'ऑटोकॅड' हा शब्द कंपनीच्या नावाला जाऊन चिकटतो. तपासायला मिनिटही लागत नाही. पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथे क्रम बिघडला किंवा काहीच आलं नाही, तर साधा एक रकाना घ्या. मांडणीचं काम इतकंच.

पोर्टलची एक अडचण वेगळी आहे. रेझ्युमे दोन करता येतात, पण पोर्टलवरचा प्रोफाइल एकच असतो. रेझ्युमेत 'सप्लायर क्वालिटी' आणि प्रोफाइलच्या मथळ्यात 'सीएनसी ऑपरेटर' असेल, तर शोधणाऱ्याला हा माणूस सापडतच नाही, आणि सापडला तर शंका येते. म्हणून ज्या जागेसाठी जास्त अर्ज जाणार, तिच्याप्रमाणे मथळा लिहावा. दुसऱ्या जागेचे अर्ज थेट कंपनीच्या पत्त्यावर किंवा ओळखीतून पाठवावेत.

(दृश्य: नवा रेझ्युमे. एक पान, एक रकाना.)

आता फोटो गेला, ठिपके गेले, ऑब्जेक्टिव्ह गेलं. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्रही गेलं. सगळ्यात वर आहे: 'सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, मशीन केलेले पार्ट, ३ वर्षं'. खाली ८डी, मग पीपीएपीचा अहवाल, मग रोजचं इन्स्पेक्शन, कुठल्या गेजने आणि किती मायक्रॉनपर्यंत. सीएनसी मशीन चालवल्याचा उल्लेख एका ओळीत, शेवटी. तो ठेवलाय, कारण पुरवठादाराच्या मशीनसमोर उभं राहून 'ऑफसेट शून्य केला होता का?' असं विचारायला मशीन कळावं लागतं.